साखर ३०० आणि मळमळ: टाइप वन मधुमेहात रक्तातील कीटोन कधी तपासावेत आणि वाढलेला आकडा काय सांगतो

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला, की टाइप वन मधुमेह असलेल्या घरांत एक प्रसंग हमखास घडतो. ग्लुकोमीटर ३०० दाखवतो, मुलाला सारखी तहान लागते, थोडे मळमळते, आणि घरातील वडीलधारी माणसे 'ऊन लागलं असेल' किंवा 'पित्त झालं असेल' असे म्हणून लिंबूपाणी पुढे करतात. उन्हाने तहान लागते, पित्ताने मळमळते आणि लग्नाच्या पंगतीतील जिलेबीने साखर ३०० वर जाते, हे सगळे खरे आहे. पण शरीरातील इन्सुलिन संपत आले असतानाही नेमक्या याच तीन गोष्टी होतात, आणि त्या वेळी वाट पाहण्यात गेलेले पाच-सहा तास जिवावर बेतू शकतात. केवळ साखरेच्या आकड्यावरून या दोन परिस्थिती वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी त्याच वेळी रक्तातील कीटोन तपासावे लागतात. इन्सुलिनची इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णाने हे कधी करावे, आकडा कसा वाचावा आणि पुढच्या काही तासांत काय करावे, हे येथे उन्हाळ्यातील एका उदाहरणाच्या आधाराने मांडले आहे. इन्सुलिनच्या मात्रांचे जे हिशोब पुढे येतात ते सर्वसाधारण नियमांवर आधारलेले आहेत. प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांकडून स्वतःसाठी असा तक्ता आधीच लिहून घ्यावा आणि दोहोंत फरक असेल तर डॉक्टरांनी लिहिलेलेच प्रमाण मानावे.

इन्सुलिनची दोन कामे

इन्सुलिन शरीरात दोन कामे करते. रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचवणे हे पहिले काम सर्वांना ठाऊक असते. शरीरात साठलेली चरबी अनावश्यक वितळू न देणे हे दुसरे काम फारसे कोणाच्या लक्षात नसते. या दुसऱ्या कामाला पहिल्यापेक्षा बरेच कमी इन्सुलिन पुरते, आणि कीटोनच्या तपासणीचा सगळा अर्थ या एका गोष्टीवर उभा आहे. गोड जास्त खाल्ले आणि त्या मानाने डोस कमी पडला, तर साखर ३०० होते. परंतु आदल्या रात्री घेतलेले दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन अंगात असल्यामुळे चरबी वितळत नाही आणि कीटोन वाढत नाहीत. याउलट साखरही वाढली आणि कीटोनही वाढले, तर चरबी रोखण्यापुरतेसुद्धा इन्सुलिन उरलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

वितळलेल्या चरबीपासून यकृत जे कीटोन तयार करते, त्यांत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोॲसिटेट ही दोन आम्ले असतात आणि ॲसिटोन असतो. ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून अशा रुग्णाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. दोन्ही आम्ले मात्र रक्तात साठत जातात. त्यांच्यामुळे मळमळ, पोटदुखी आणि उलट्या सुरू होतात. उलट्यांमुळे आणि वाढलेल्या साखरेने होणाऱ्या लघवीमुळे शरीरातील पाणी घटते, पाणी घटल्याने मूत्रपिंडातून साखर आणि कीटोन बाहेर टाकले जाणे मंदावते, आणि आम्ल आणखी वेगाने वाढते. डॉक्टर ज्याला 'डीकेए' म्हणतात, ती डायबेटिक कीटोॲसिडोसिसची अवस्था या चक्रातून येते. सोलापूरच्या कोरड्या उन्हात शरीरातील पाणी घामाने आधीच कमी झालेले असते. त्यामुळे हे चक्र येथे लवकर पकड घेते.

रक्ताची पट्टी की लघवीची

रक्तातील कीटोन मोजणारे मीटर बोटाच्या थेंबातून बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजते. काही मीटरवर साखर आणि कीटोन या दोन्ही तपासण्या होतात, पण दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या असतात. कीटोनचा आकडा मिलिमोलमध्ये येतो आणि पडद्यावर त्यापुढे `mmol/L` असे दिसते. साखरेचे आकडे शेकड्यांत पाहण्याची सवय असलेल्या माणसाला १.८ हा आकडा किरकोळ वाटण्याचा धोका असतो, म्हणून घरातील प्रत्येकाला हा फरक एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवावा. येथील लहान औषध दुकानांत कीटोनच्या पट्ट्या सहसा नसतात, त्या मागवाव्या लागतात आणि त्या महागही असतात. तरीसुद्धा चार-पाच पट्ट्या घरात असाव्यात. त्या एकेक करून वेगळ्या पाकिटात बंद असल्यामुळे मुदतीपर्यंत चांगल्या राहतात.

लघवीची पट्टी स्वस्त आणि सहज मिळणारी असते, आणि दुसरे काहीच नसेल तेव्हा तीच वापरावी; परंतु तिच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. ती ॲसिटोॲसिटेट मोजते, आणि डीकेएमध्ये बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे जे आम्ल सर्वांत जास्त वाढलेले असते, तेच या पट्टीला दिसत नाही. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी गेल्या काही तासांची असते, त्यामुळे पट्टीचा रंग आत्ताच्या रक्ताचा नसून मधल्या काळाचा असतो. शरीर कोरडे पडले असेल तर लघवीच होत नाही, आणि नेमकी गरज असते तेव्हा तपासणी अडते. उपचार सुरू झाल्यावर आणखी एक घोटाळा होतो. इन्सुलिन मिळाल्यावर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचे ॲसिटोॲसिटेट बनू लागते, त्यामुळे रुग्ण सुधारत असतानाही पट्टीचा जांभळा रंग कित्येक तास गडदच राहतो. तो पाहून घाबरलेले घर जादा इन्सुलिन देत राहते आणि पहाटे साखर ५० वर येते. म्हणून लघवीच्या पट्टीवर जांभळा रंग आला तर धोक्याची सूचना म्हणून तो गंभीरपणे घ्यावा. मात्र उपचार लागू पडतो आहे की नाही, हे त्या रंगावरून ठरवू नये.

कोणत्या वेळी तपासावे

रोज कीटोन तपासण्याची गरज नसते. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रसंग उलटीचा. टाइप वन असलेल्या माणसाला उलटी झाली, की साखर कितीही असो, आधी कीटोन तपासावेत आणि मग उलटीचे कारण शोधावे. बाहेरचे खाणे, ऊन, पित्त ही कारणे नंतर खुशाल तपासता येतात. पोटदुखी, ताप, नेहमीपेक्षा खोल आणि भराभर चालणारा श्वास, विलक्षण थकवा किंवा गुंगी यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसरा प्रसंग साखर २५० च्या वर अडून राहण्याचा. जेवणानंतर एकदा २७० दिसले म्हणून पट्टी खर्च करण्याची गरज नाही. साखर खाली आणण्यासाठी घेतला जाणारा जलद इन्सुलिनचा जादा डोस, म्हणजे दुरुस्तीचा डोस, घेऊन दोन तास झाले आणि तरीही साखर २५० च्या वर आहे किंवा आणखी वाढली आहे, तेव्हा मात्र तपासावे. घेतलेले इन्सुलिन काम करत नाही, असा संशय घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. रात्रीचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन चुकले असेल, किंवा ते उन्हात तापल्याची शंका असेल, तर साखर २५० च्या वर दिसताच दोन तास न थांबता कीटोन पाहावेत. इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांनीही थांबू नये. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते, त्यामुळे नळी अडली किंवा सुई निघाली तर काही तासांतच कीटोन वाढू लागतात.

व्यायामापूर्वी साखर २५० च्या वर असेल, तर खेळायला उतरण्याआधी कीटोन पाहावेत. ते १.५ किंवा अधिक असताना पळणे-खेळणे टाळावे, कारण इन्सुलिन नसताना केलेल्या श्रमाने साखर आणि कीटोन दोन्ही वाढतात. गर्भवती स्त्रीमध्ये डीकेए कमी साखरेवर आणि अधिक वेगाने होतो. तिच्यासाठी २५० ची मर्यादा फार वरची आहे, आणि तिने कोणत्या आकड्यावर तपासायचे हे डॉक्टरांनी वेगळे ठरवून द्यावे लागते.

आकडा कसा वाचावा

तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. आंबा किंवा सरबत लागलेल्या बोटावर साखर खोटी जास्त दिसते आणि पुढचा सगळा निर्णय चुकतो. पट्टीची मुदत पाहावी, थेंब पुरेसा मोठा घ्यावा, आणि आकड्याशेजारी वेळ लिहून ठेवावी. या तपासणीत एका सुट्या आकड्यापेक्षा दोन तासांत तो कोणत्या दिशेने गेला, याला जास्त वजन असते.

०.६ पेक्षा कमी असेल तर कीटोनचा प्रश्न नाही. वाढलेल्या साखरेसाठी नेहमीचा दुरुस्तीचा डोस पुरतो. ०.६ ते १.५ या दरम्यान असेल तर इन्सुलिन कमी पडू लागले आहे किंवा पोटात अन्न गेलेले नाही. अशा वेळी पाणी वाढवावे, तक्त्याप्रमाणे इन्सुलिन द्यावे आणि दोन तासांनी दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. १.५ ते ३ हा धोक्याचा टप्पा आहे. येथे डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करायचा असतो, नेहमीच्या दुरुस्तीहून मोठा डोस लागतो, आणि घरी थांबायचे असेल तर रुग्ण पाणी पोटात टिकवू शकतो आणि पूर्ण शुद्धीवर आहे याची खात्री हवी. आकडा ३ किंवा त्याहून अधिक असेल तर डीकेए आहे असे धरून रुग्णालय गाठावे. आम्ल प्रत्यक्षात किती वाढले आहे, हे रक्ताच्या सामूवरून आणि बायकार्बोनेटवरून कळते, आणि त्या तपासण्या घरी होत नाहीत.

या टप्प्यांच्या सीमा काटेकोर नसतात. १.४ असून दर दोन तासांनी वाढत जाणारा आणि उलट्या करणारा रुग्ण, २ वरून उतरत चाललेल्या आणि पाणी पिणाऱ्या रुग्णापेक्षा अधिक धोक्यात असतो.

एक उदाहरण, तासागणिक

पुढील मुलगा काल्पनिक आहे, पण परिस्थिती येथे दर उन्हाळ्यात उद्भवणारी आहे. जुळे सोलापुरात राहणारा १६ वर्षांचा मुलगा, वजन ५० किलो. रात्री ९ वाजता १८ युनिट दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन आणि दिवसभरात जेवणांच्या वेळी मिळून २२ युनिट जलद इन्सुलिन, म्हणजे दिवसाचे एकूण ४० युनिट. मे महिन्यात तो बार्शीला लग्नासाठी मुक्कामाला गेला होता. दोन्ही पेन आदल्या दिवशी भर दुपारी मोटारसायकलच्या डिकीत राहिले. वापरातले इन्सुलिन साधारण ३० अंशांपर्यंत टिकते, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीतील तापमान बाहेरच्या ४२ अंशांहूनही बरेच वर जाते. पेनमधील द्रव मात्र पूर्वीसारखाच स्वच्छ दिसत होता. खराब झालेले इन्सुलिन नेहमी गढूळ होतेच असे नाही, म्हणून केवळ पाहून त्याची खात्री करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर संध्याकाळी ६ वाजता साखर ३१२ निघाली. दुपारी श्रीखंड-पुरी झाली होती, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही, आणि त्याच जुन्या पेनमधून ४ युनिटचा दुरुस्तीचा डोस घेतला गेला. ८ वाजता साखर ३३८ होती आणि पोटात थोडे दुखत होते. डोस घेऊनही साखर वाढली आणि सोबत पोटदुखी, हे दोन्ही संकेत एकत्र आल्याने कीटोन तपासले. आकडा १.७ आला. जलद इन्सुलिन काम करत नव्हते, एवढेच यातून कळत नाही. आदल्या रात्रीचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिनही निकामी झाले असावे, असा तर्क त्यातून निघतो, कारण ते चांगले असते तर कीटोन इतके वाढले नसते.

आईने ८ वाजताच डॉक्टरांना फोन केला. उलटी नव्हती, मुलगा नीट बोलत होता, श्वास नेहमीसारखा होता, म्हणून घरी उपचार सुरू करायचे ठरले. पहिली गोष्ट, दोन्ही जुने पेन बाजूला काढले आणि फ्रीजमधील नवीन पेन घेतले. दुसरी गोष्ट, जादा डोस. साखर २५० च्या वर आणि कीटोन १.५ ते ३ असतील तर साधारणपणे दिवसाच्या एकूण इन्सुलिनच्या १० ते २० टक्के जलद इन्सुलिन दिले जाते. डॉक्टरांनी १५ टक्के सांगितले, म्हणजे ६ युनिट. हा डोस नेहमीच्या दुरुस्तीच्या डोसाच्या जागी असतो. दोन्ही एकत्र देऊ नयेत. तिसरी गोष्ट, पाणी. ५० किलोच्या मुलाला अशा वेळी ताशी सुमारे २०० ते ३०० मिलिलिटर द्रव हवा असतो. साखर जास्त असल्यामुळे साधे पाणी आणि मीठ घातलेले पातळ ताक आळीपाळीने, घोट घोट करून दिले. ९ वाजता रात्रीचे १८ युनिट नवीन पेनमधून नेहमीप्रमाणेच दिले. 'आत्ताच ६ दिले आहेत, आज रात्रीचे नको' असा विचार अशा वेळी घरोघरी होतो, पण चरबी रोखण्याचे काम रात्रभर याच इन्सुलिनला करायचे असल्यामुळे ते वगळणे सर्वांत महागात पडते.

१० वाजता साखर २७६ आणि कीटोन १.३ आले. दोन्ही उतरत होते, म्हणजे नवीन इन्सुलिन लागू पडले होते. कीटोन अजून १ च्या वर असल्याने १० टक्के, म्हणजे ४ युनिट, पुन्हा दिले. रात्री १२ वाजता साखर १९८ आणि कीटोन ०.८ होते. येथे खरी कसोटी असते. साखर जवळपास ठीक दिसते, म्हणून इन्सुलिन थांबवावेसे वाटते. पण कीटोन संपलेले नसतात आणि ते संपवण्यासाठी आणखी थोडे इन्सुलिन लागते. तेवढ्याने साखर फार खाली जाऊ नये म्हणून या टप्प्यावर पोटात पिष्टमय पदार्थ जावे लागतात. मुलाला एक वाटी दहीभात दिला आणि सोबत ५ टक्के, म्हणजे २ युनिट, जलद इन्सुलिन. पहाटे २ वाजता साखर १६४ आणि कीटोन ०.४ आले. त्यानंतर दर दोन तासांची तपासणी थांबवून सकाळी ६ वाजता फक्त साखर पाहिली.

आता हेच उदाहरण दुसऱ्या वाटेने गेले असते तर काय, हेही पाहिले पाहिजे. समजा १० वाजता साखर २७६ वर उतरली, पण कीटोन १.७ वरून २.४ वर गेले. साखर कमी झाली म्हणून या वेळी निर्धास्त होणे ही घातक चूक ठरते. साखर पाण्याने आणि लघवीवाटेही थोडी उतरू शकते. कीटोनचा वाढता आकडा मात्र आम्ल वाढतच चालल्याचे सांगतो. अशा वेळी १२ वाजेपर्यंत थांबायचे नसते. डॉक्टरांना कळवून लगेच निघायचे असते.

हे सगळे हिशोब जलद काम करणाऱ्या ॲनालॉग इन्सुलिनचे आहेत. शहरात आणि आसपासच्या गावांत अजूनही अनेक जण कुपीतले साधे रेग्युलर इन्सुलिन घेतात. ते उशिरा सुरू होते आणि सहा ते आठ तास राहते, त्यामुळे त्याचा डोस दर दोन तासांनी दिला तर एकावर एक साठत जाऊन पहाटे साखर धोकादायक खाली येते. त्यांच्यासाठी अंतर तीन-चार तासांचे असते आणि ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. मिश्र इन्सुलिन अशा जादा डोससाठी वापरू नये. घाईत होणारी आणखी एक चूक सिरिंजची आहे. आपल्याकडील पुष्कळ कुप्या ४० युनिटच्या असतात आणि पेनची काडतुसे १०० युनिटची. पेन बिघडले म्हणून काडतुसातील इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ४ च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात ४ नव्हे, १० युनिट जातात. पेनसोबत १०० युनिटच्या दोन सिरिंज ठेवल्या, की हा धोका टळतो.

साखर जास्त नाही, पण कीटोन आहेत

जुलाब-उलट्यांत किंवा कडक उपवासात साखर १२० असून कीटोन १.२ असू शकतात. पोटात काही न गेल्यामुळे शरीर चरबीकडे वळलेले असते. निर्जळी एकादशी किंवा नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्या टाइप वन रुग्णांत हे दिसते. येथे इन्सुलिन वाढवण्याआधी साखर पोटात जावी लागते. साखर घातलेले लिंबू सरबत, ओआरएस किंवा भाताची पेज थोडी थोडी द्यावी, दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन बंद करू नये, आणि खाल्लेल्या साखरेच्या हिशोबाने कमी मात्रेत जलद इन्सुलिन द्यावे. 'पोटात काही नाही म्हणून इन्सुलिन नको' हे वाक्य टाइप वनमध्ये अनेक डीकेएंच्या मुळाशी असते. सरबतही टिकत नसेल तर घरी उपाय उरत नाही, शिरेतून ग्लुकोज आणि इन्सुलिन द्यावे लागते.

याच गटातील अधिक फसवा प्रकार डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांचा आहे. टाइप टूच्या रुग्णांत या गोळ्या सर्रास दिल्या जातात आणि काही वेळा टाइप वनच्या रुग्णांच्याही हाती पडतात. त्या लघवीतून साखर बाहेर काढतात, त्यामुळे डीकेए होत असतानाही मीटर १८० दाखवू शकतो. अशी गोळी घेणाऱ्याने मळमळ किंवा थकवा जाणवताच, साखर कितीही असली तरी, कीटोन तपासावेत आणि ते वाढलेले असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

घर सोडण्याची वेळ

कीटोन ३ किंवा अधिक, दोन डोसनंतरही न उतरणारे कीटोन, दोन तासांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या उलट्या, खोल आणि धापेसारखा श्वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर निघावे. लहान मूल असेल तर याहूनही आधी निघावे, कारण त्याच्या शरीरातील पाणी फार लवकर संपते आणि डीकेएमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका मुलांत अधिक असतो. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा. शेजारच्या दवाखान्यात सलाइनची एक बाटली लावून घरी परतण्याचा मोह टाळावा. डीकेएच्या उपचारात शिरेतून इन्सुलिन चालू असताना रक्तातील पोटॅशियम झपाट्याने खाली येते, ते वारंवार मोजून भरून काढावे लागते, आणि ही सोय सिव्हिलमध्ये किंवा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच असते.

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर 'उलट्या होत आहेत' या वाक्याने सुरुवात केली, तर रुग्ण पोटाच्या तक्रारींच्या रांगेत जातो. डीकेएची पोटदुखी कधी कधी इतकी तीव्र असते, की ती अपेंडिक्सची वाटते. म्हणून पहिलेच वाक्य असे असावे: 'टाइप वन डायबेटीस आहे, कीटोन ३.४ आहेत, शेवटचे इन्सुलिन रात्री १० वाजता ६ युनिट दिले आहे.' वेळ आणि आकडे लिहिलेला कागद हातात द्यावा. रुग्णालयात कीटोन मोजण्याची सोय नसेल तर आपले मीटर आणि उरलेल्या पट्ट्या सोबत असलेल्या बऱ्या.

दुसऱ्या दिवशी

कीटोन ०.६ च्या खाली आल्यावरही कारण सापडले नसेल तर ते परत वाढतात. वरील उदाहरणात कारण डिकीत तापलेले इन्सुलिन होते, म्हणून दोन्ही जुने पेन टाकून देणे हा उपचाराचाच भाग आहे. अर्धे भरलेले महाग पेन टाकवत नाही, आणि ते 'अडीअडचणीला' म्हणून परत फ्रीजच्या दारात जाते. चार आठवड्यांनी घाईच्या रात्री तेच हाताला लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे, कारण गोठलेले इन्सुलिनही निकामी होते. वापरातले पेन किंवा कुपी उघडल्याची तारीख वर लिहावी आणि बहुतेक प्रकारांसाठी चार आठवड्यांनी ती बदलावी. फ्रीज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर पाण्याने भिजवलेल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात छोटे मडके ठेवून त्यात बंद डब्यात इन्सुलिन ठेवता येते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, मात्र पावसाळ्यात हवा दमट झाली की तिचा गारवा बराच कमी होतो. प्रवासात इन्सुलिन अंगाजवळच्या पिशवीत, ओल्या कापडाच्या थंड बटव्यात न्यावे. मोटारसायकलची डिकी, गाडीचा डॅशबोर्ड आणि एसटीच्या टपावरील बॅग या तिन्ही जागा त्यासाठी वर्ज्य समजाव्यात. वापरून संपलेल्या कीटोनच्या पट्ट्यांच्या जागी नव्या पट्ट्या त्याच आठवड्यात मागवून घ्याव्यात आणि उरलेल्या पाकिटांवरील मुदत तेव्हाच तपासावी.